सपोर्टच्या माणसाचं कौतुक कंपनीला लिहून कळवताना

महिनोन्‌महिने चाललेला त्रास फोनवरच्या एखाद्या माणसाने लक्ष घालून संपवला, की बहुतेक ग्राहक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर फोनवरच ‘फार उपकार झाले हो तुमचे’ म्हणून मोकळे होतात, नाहीतर ‘अत्यंत कार्यतत्पर व सौजन्यशील’ अशा विशेषणांचा चार ओळींचा ईमेल पाठवतात. पहिल्या प्रकारात त्या माणसाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. दुसऱ्यात होतं, पण त्याने नेमकं केलं काय हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून ते पत्र एका फोल्डरमध्ये जाऊन पडतं. आणि क्वचित असंही होतं, की भल्या मनाने लिहिलेल्या पत्रामुळे त्या माणसालाच वरिष्ठांसमोर खुलासा द्यावा लागतो. कॉल सेंटरच्या क्वालिटी विभागात बसून दुसऱ्यांचे कॉल ऐकायचे आणि त्यांना गुण द्यायचे, हे काम मी काही वर्षं केलं आहे. अशी पत्रं आमच्याकडे यायची. ती तिकडून कशी वाचली जातात ते माहीत असल्यामुळे ती इकडून कशी लिहावीत हे सांगतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. सावंतवाडीत घरूनच काम करणारे एक करसल्लागार आहेत. त्यांच्याकडे फायबरचं इंटरनेट आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून जोराची सर आली की संध्याकाळी इंटरनेट बंद पडायचं, राउटरजवळच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागायचा आणि सकाळी सगळं आपोआप सुरू व्हायचं. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात तंत्रज्ञ यायचा. मीटर लावून बघायचा, सगळं ठीक दिसायचं, तक्रार बंद व्हायची. असं चार वेळा झालं. ऑगस्टमध्ये पाचव्या वेळी फोन घेणाऱ्या बाईंनी आधीच्या चारही तक्रारी उघडून एकापुढे एक वाचल्या आणि विचारलं, ‘‘या चारही दिवशी तुमच्याकडे पाऊस होता का?’’ तिथून पुढे दोष सापडायला दोन दिवस लागले.

तांत्रिक भाग थोडक्यात. फायबरमधून घरापर्यंत प्रकाश येतो आणि तो किती पोचतो हे डीबीएम या एककात मोजतात. आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम, आणि साधारण उणे २७-२८ च्या पलीकडे गेला की जोडणी तुटायला लागते. हा आकडा कंपनीला आपल्या जागेवरून, घरी माणूस न पाठवता बघता येतो. या बाईंनी तो पाऊस पडत असतानाच बघितला, तेव्हा तो उणे २८ होता. आधीच्या तंत्रज्ञाने दुपारी नोंदवलेला आकडा उणे २१ होता. म्हणजे घरातलं उपकरण ठीक होतं, पाणी बाहेर कुठेतरी जोडात शिरत होतं. खांबावरची पेटी उघडल्यावर झाकण तडकलेलं निघालं आणि आतला कनेक्टर ओला आणि सैल सापडला.

आता या बाईंसाठी पत्र लिहायचं आहे.

त्या माणसाला कशावरून जोखतात

पत्राला हात घालण्यापूर्वी हे समजून घ्यायलाच हवं, कारण काय लिहायचं ते यावरच ठरतं. फोनवर बसणाऱ्या माणसाचं महिन्याचं मोजमाप तीन-चार आकड्यांत होतं. त्यातला सगळ्यात जाचक म्हणजे एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी लागणारा वेळ. बहुतेक ठिकाणी ही अपेक्षा काही मिनिटांचीच असते. सावंतवाडीचा तो कॉल चाळीस मिनिटांच्या घरात गेला. ग्राहकाच्या दृष्टीने ते चाळीस मिनिटांचं लक्ष होतं. टीम लीडरच्या पडद्यावर मात्र तो लाल रंगात दिसणारा एक लांबलेला कॉल असतो. चांगलं काम करणारा माणूस त्या दिवशी आकड्यात मागे पडलेला असतो.

दुसरं मोजमाप म्हणजे तोच ग्राहक त्याच तक्रारीसाठी ठरावीक दिवसांत परत फोन करतो का. तिसरं, कॉलनंतर येणाऱ्या एसएमएसला ग्राहकाने दिलेले गुण. आणि चौथं, क्वालिटी विभाग महिन्यातून मोजके कॉल निवडून ऐकतो, त्यात ठरलेली वाक्यं बोलली का, ग्राहकाची ओळख पडताळली का, नोंद नीट केली का, हे तपासतो. हे कॉल बऱ्याचदा कसेही उचललेले असतात. म्हणजे ज्या कॉलमध्ये त्या माणसाने खरं डोकं चालवलं, तो कॉल कुणी ऐकेल याची काहीच खात्री नसते. तुमचं पत्र ही खात्री देऊ शकतं. त्याचा खरा उपयोग तेवढाच आणि तो मोठा आहे: हजारो कॉलमधला हा एक कॉल उघडून ऐका, असं तुम्ही सांगता.

म्हणून पत्रात दोन गोष्टी हव्यातच. कॉल सापडेल असा पत्ता, आणि तो लांबला त्याचं कारण.

आणखी एक. आपण ‘कंपनीचा माणूस’ म्हणतो, तो पुष्कळदा कंपनीचा नसतोच. कंपनीने कॉल सेंटरचं काम दुसऱ्या संस्थेला दिलेलं असतं आणि तो तिथे नोकरीला असतो. बढती, इन्सेन्टिव्ह, सगळं तिथेच ठरतं. तुमचं पत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयात पोचून तिथेच थांबलं तर त्याला ते कधीच कळत नाही. तेव्हा पत्र पुढे पाठवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी लागते.

आधी काय गोळा करायचं

नाव हा सगळ्यात कच्चा धागा. फोनवर सांगितलेलं नाव खरं असेलच असं नाही. काही ठिकाणी कामापुरतं वेगळं नाव वापरतात आणि एकाच मजल्यावर त्याच नावाची चार माणसं असू शकतात. तरी नाव लिहावंच, पण भरवसा तक्रार क्रमांकावर ठेवावा. दूरसंचार सेवेत तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो, तो एसएमएसमध्ये असतो. तो एसएमएस पुसला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये जुन्या तक्रारींची यादी बघा. त्याबरोबर कॉलची तारीख आणि वेळ, आणि तुम्ही कोणत्या नंबरवरून फोन केला तो नंबर. हा शेवटचा तपशील लोक हमखास विसरतात. नोंदणीकृत नंबर एक असतो, फोन केलेला असतो घरातल्या दुसऱ्याच्या मोबाईलवरून, आणि मग तिकडे बिचारे रेकॉर्डिंग शोधत बसतात. फोनच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवला की काम झालं.

समोरून त्या माणसाने पुन्हा फोन केला असेल, तर त्याचीही तारीख आणि वेळ टिपा. पाठपुराव्याचा कॉल हा वेगळा रेकॉर्ड असतो आणि पुष्कळदा तोच जास्त बोलका असतो, कारण तो करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कधी पाठवायचं

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. दोष खरंच गेला याची खात्री व्हायला वेळ हवा, आणि कॉलचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही, म्हणून फार थांबताही येत नाही. सावंतवाडीच्या उदाहरणात दोष पावसाशी बांधलेला होता. दुरुस्तीनंतर आठवडाभर ऊन पडलं आणि तेवढ्यावर ‘कायमचा सुटला’ लिहिलं, तर ते वाक्य पोकळ आहे. दोनदा तरी जोराचा पाऊस होऊन जायला हवा. बिलात दर महिन्याला चुकीची रक्कम येत असेल तर पुढचं बिल हातात येईपर्यंत थांबावं लागेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच बंद पडत असेल तर आठवडाही पुरतो. नियम असा, की दोष ज्या गोष्टीमुळे उमटायचा ती गोष्ट पुन्हा घडून जाऊ द्या.

पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर लगेच तीन ओळींचा छोटा ईमेल पाठवून ठेवावा: अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा कॉल फार चांगला हाताळला गेला, सविस्तर पत्र पाठवत आहे, कृपया रेकॉर्डिंग जपून ठेवावं. एवढ्याने कॉल पुसला जाण्याआधी कुणीतरी तो बाजूला काढून ठेवण्याची शक्यता वाढते.

कुठे पाठवायचं, आणि कुठे पाठवू नये

सगळ्यात महत्त्वाची सूचना आधी. तक्रार बंद झाल्याचा जो ईमेल तुम्हाला आला असेल, त्यालाच उत्तर म्हणून हे पत्र पाठवू नका. कंपन्या तक्रारी सांभाळायला जी सॉफ्टवेअर वापरतात, उदाहरणार्थ झेनडेस्क किंवा फ्रेशडेस्क, त्यांत सुटलेल्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, ग्राहकाचं उत्तर आलं की तिकीट सहसा पुन्हा उघडतं. यंत्राला तुमचे आभार बहुतेकदा कळत नाहीत, त्याला एवढंच दिसतं की ग्राहक परत बोलला. मग ज्यांनी तक्रार सोडवली त्यांच्याच नावावर ‘पुन्हा उघडलेली तक्रार’ म्हणून एक नोंद पडू शकते. कौतुक करायला जाऊन आपण त्यांचा आकडा बिघडवतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. नवा ईमेल उघडा, जुना क्रमांक मजकुरात लिहा.

विषयाच्या ओळीत ‘प्रशंसापत्र, ही तक्रार नाही’ असं स्वच्छ लिहा. तरीही ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं यांत्रिक उत्तर येऊ शकतं, नवा तक्रार क्रमांकही मिळू शकतो. ते मनावर घेऊ नका. नंतर कुणी माणूस ते वाचून फोन करेल, त्याला सांगा की तक्रार काही नाही, हे पत्र पुढे पाठवा.

पत्ता कुठून मिळवायचा? बिल उलटून बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीला आपल्या बिलांवर आणि पत्रांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन आणि ईमेल छापावा लागतो. तळाशी बारीक अक्षरांत असतो. कागदी पत्र त्या पत्त्यावर ‘ग्राहक सेवा विभाग प्रमुख’ यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावं, आणि तोच मजकूर ग्राहक सेवेच्या ईमेलवर. कागदी पत्र जुनाट वाटेल, पण रोज हजारो ईमेल येणाऱ्या ठिकाणी सही केलेला कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो आणि त्याचं काहीतरी करावंच लागतं.

दूरसंचार कंपन्यांत अपिलाचं एक स्वतंत्र प्राधिकरणही असतं. तक्रार सुटली नाही तर तिथे जायचं असतं. त्याला प्रशंसापत्र पाठवण्यात अर्थ नाही. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना प्रत पाठवायला हरकत नाही, पण ‘तुमच्या कंपनीत एवढी एकच चांगली बाई आहे’ अशा सुरात ती गेली, तर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका वाक्यावरच होतो.

समाजमाध्यमांवर कंपनीला टॅग करून लिहायचं असेल तर त्या माणसाचं पूर्ण नाव, फोटो आणि तुमचा ग्राहक क्रमांक घालू नका. नावाचं पहिलं अक्षर आणि तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. आपलं नाव चारचौघांत झळकावं असं प्रत्येकालाच वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने पन्नास लोक आपल्या तक्रारी घेऊन मागे लागतात, हेही मी पाहिलेलं आहे.

पत्र लिहायला बसल्यावर

पहिल्या परिच्छेदात निकाल सांगा. काय बिघडलं होतं, किती काळ, कुणी सोडवलं. पाल्हाळ लावून शेवटी कौतुकावर येणारं पत्र वाचणाऱ्याला अर्ध्यापर्यंत तक्रारच वाटतं आणि तो ते तक्रारीच्या गठ्ठ्यात टाकतो.

दुसऱ्या परिच्छेदात जुना त्रास. इथे हात आखडता घ्यावा. काही महिन्यांचा राग साठलेला असतो, तो नेमका इथे उसळतो. पण आधीच्या चार जणांची नावं घेऊन त्यांना झोडपलं तर पत्राचा अर्थच बदलतो. मग चौकशी त्या चौघांची सुरू होते आणि पाचवीचं कौतुक बाजूला राहतं. शिवाय तिला उद्या त्यांच्याच शेजारी बसून काम करायचं असतं. ‘तंत्रज्ञ येईपर्यंत जोडणी सुरू झालेली असे, त्यामुळे दोष सापडत नव्हता’ हे वाक्य खरंही आहे आणि कुणाला टोचतही नाही. त्रासाचं एकच ठोस उदाहरण द्यावं. आपल्या करसल्लागारांच्या बाबतीत ते तयारच आहे: जीएसटीचं ३बी विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांना ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावं लागतं, आणि २० जुलैच्या संध्याकाळीच इंटरनेट गेलं. एवढं वाचल्यावर ‘अतोनात मनस्ताप’ वगैरे लिहायची गरज उरत नाही.

तिसरा परिच्छेद पत्राचा कणा. इथे विशेषणं पूर्ण बंद, फक्त क्रियापदं. तिने काय विचारलं, काय पाहिलं, काय ताडलं, कुणाला काय कळवलं, परत कधी फोन केला. लिहून झाल्यावर ‘मदतशील’, ‘विनम्र’, ‘तत्पर’ हे शब्द शोधून खोडा आणि प्रत्येकाच्या जागी तुम्हाला तसं वाटायला लावणारी कृती लिहा. ‘तत्पर’ ऐवजी ‘पाऊस थांबायच्या आत रीडिंग घेतलं’. अशा वाक्याचा दुहेरी फायदा असतो. क्वालिटी विभाग रेकॉर्डिंग ऐकून त्याची खातरजमा करू शकतो, आणि प्रशिक्षण देणारे तोच कॉल नव्या लोकांना ऐकवू शकतात. विशेषणाचं असं काहीच होत नाही.

मग कॉल लांबल्याचं एक वाक्य. आणि शेवटी विनंती, तीही एकच. इथे बिलात सूट, मोफत महिना, असलं काही मागू नका. ते हक्काचं असेल तर वेगळा अर्ज करा. एका पत्रात दोन्ही आलं की कौतुक हे मागणीचं वंगण वाटू लागतं.

भाषेबद्दल लोक विचारतात. तुमचा कॉल मराठीत झाला असेल तर पत्र मराठीतच लिहा, कारण तिच्या टीममध्ये ते वाचणारे नक्की आहेत. पण मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर वर दोन ओळींचा इंग्रजी गोषवारा जोडावा: कुणाचं कौतुक, कोणत्या क्रमांकाच्या तक्रारीबद्दल. तेवढ्याने पत्र योग्य टेबलावर जातं.

नमुना

वरच्या उदाहरणावरून पत्र असं होईल.

> विषय: प्रशंसापत्र (ही तक्रार नाही). ग्राहक सेवा प्रतिनिधी (नाव), कॉल दि. १४ ऑगस्ट, सायं. ७.४०, तक्रार क्र. (क्रमांक)
>
> प्रति,
> ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
> (कंपनीचं नाव व बिलावरील पत्ता)
>
> स. न. वि. वि.
>
> माझ्या सावंतवाडी येथील फायबर जोडणीत जूनपासून असलेला दोष आपल्या प्रतिनिधी (नाव) यांनी ऑगस्टमध्ये शोधून काढला व दुरुस्त करून घेतला. त्यांच्या या कामाची नोंद व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.
>
> जोराचा पाऊस आला की संध्याकाळी इंटरनेट बंद पडत असे व सकाळी आपोआप सुरू होत असे. जून ते ऑगस्ट या काळात मी चार तक्रारी नोंदवल्या (क्रमांक खाली दिले आहेत). तंत्रज्ञ येईपर्यंत जोडणी सुरू झालेली असे, त्यामुळे दोष सापडत नव्हता. मी घरून करसल्लागाराचं काम करतो. २० जुलैला, जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, मला एका मित्राच्या कार्यालयात जाऊन काम पुरं करावं लागलं.
>
> १४ ऑगस्टला (नाव) यांनी माझा पाचवा कॉल घेतला. त्यांनी आधीच्या चारही तक्रारी वाचून, त्या दिवशी पाऊस होता का, असं विचारलं. पाऊस चालू असतानाच त्यांनी माझ्या उपकरणापर्यंत येणाऱ्या प्रकाशाचं रीडिंग घेतलं. ते उणे २८ होतं, तर आधीच्या दुपारच्या भेटीत ते उणे २१ नोंदवलेलं होतं. हा फरक नोंदवून त्यांनी काम फील्ड टीमकडे पाठवलं आणि घरातल्या उपकरणाऐवजी खांबावरची पेटी उघडून पाहावी, असं त्यात लिहिलं. १६ ऑगस्टला पेटीचं झाकण तडकलेलं व आतला कनेक्टर ओला आढळला. दोन्ही बदलले. १७ ऑगस्टला सकाळी (नाव) यांनी मला फोन करून रीडिंग पुन्हा तपासलं. ते उणे २० होतं.
>
> त्यानंतर दोनदा मुसळधार पाऊस झाला, इंटरनेट एकदाही गेलं नाही. १४ तारखेचा कॉल नेहमीपेक्षा बराच लांबला. पण जुन्या नोंदी वाचायला आणि पावसात रीडिंग घ्यायला तेवढा वेळ दिला गेला, म्हणूनच सहावी तक्रार करावी लागली नाही. पेटीचं काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी काम झाल्यावर पेटीचा फोटो मला दाखवला, त्यांचेही आभार.
>
> हे पत्र (नाव) यांच्या टीम लीडरकडे व क्वालिटी विभागाकडे पाठवावं, आणि त्या अन्य संस्थेमार्फत काम करत असल्यास त्या संस्थेलाही कळवावं, ही विनंती.
>
> कळावे,
> (सही, नाव, नोंदणीकृत मोबाईल, ज्या नंबरवरून कॉल केला तो नंबर, चार जुने तक्रार क्रमांक)

पत्र एका पानात बसतं. याहून मोठं करू नये. रीडिंगचे आकडे तुम्हाला माहीत नसतील तर लिहू नका. ‘त्यांनी पाऊस चालू असतानाच काहीतरी मोजून पाहिलं’ एवढंही पुरेसं आहे, नेमका आकडा त्यांच्या नोंदीत सापडेल. अंदाजाने आकडा टाकला आणि तो नोंदीशी जुळला नाही, तर बाकीच्या पत्रावरही शंका येते.

जे लिहू नये

भल्या हेतूने लिहिलेली काही वाक्यं आत गेल्यावर घातक ठरतात. ‘त्यांनी मला स्वतःचा मोबाईल नंबर दिला’ हे ग्राहकाला आपुलकीचं वाटतं, पण बहुतेक कॉल सेंटरमध्ये त्याला सक्त मनाई असते. ‘माझी जन्मतारीख वगैरे विचारत न बसता थेट काम केलं’ म्हणजे ओळख पडताळली नाही, ही तर गंभीर चूक धरली जाते आणि एकदा लेखी आलं की कुणाला तिकडे डोळेझाक करता येत नाही. ‘साहेबांना न विचारताच दंड माफ केला’, ‘शिफ्ट संपल्यावरही माझ्यासाठी थांबल्या’, ‘आतली गोष्ट सांगितली की त्या भागात पेट्याच निकृष्ट बसवल्यात’: हे सगळं खरं असलं तरी पत्रात नको. लिहिताना प्रत्येक वाक्यावर थांबून पाहायचं, की हे वाचून तिच्या वरिष्ठाला एखादा प्रश्न विचारावासा वाटेल का. वाटेल असं असेल तर ते वाक्य काढा.

‘आवाज गोड होता’, ‘आमच्या मुलीसारखी बोलली’ हेही टाळा. तिने चार तक्रारींतून धागा ओढून काढला, त्याच्या शेजारी आवाजाचं कौतुक ठेवलं की कामच लहान दिसतं.

एसएमएसवरचे गुण

पत्र लिहिलं म्हणून कॉलनंतर येणारा गुणांचा एसएमएस सोडून देऊ नका, आकड्यांच्या हिशेबात तोच आधी मोजला जातो. यात एक गोम आहे. ‘आमची सेवा इतरांना सुचवाल का, ० ते १०’ असा प्रश्न असेल तर ती एनपीएस नावाची पद्धत आहे. फ्रेड राइकहेल्ड यांनी ती २००३ मध्ये मांडली. तिच्यात ९ आणि १० देणारेच समाधानी धरतात, ७ आणि ८ देणारे तटस्थ, आणि ६ पर्यंतचे सगळे नाराज. आपल्याकडे मराठीच्या मास्तरांसारखी सवय असते, कितीही उत्तम निबंध असला तरी पैकीच्या पैकी द्यायचे नाहीत. तसा कुणी खूश होऊन ८ देतो आणि त्याचं मत समाधानी लोकांत धरलंच जात नाही. काम आवडलं असेल तर ९ किंवा १० द्या. कंपनीवरचा जुना राग तिथे काढू नका, कारण तो आकडा बऱ्याच ठिकाणी शेवटचा कॉल घेणाऱ्याच्या नावावर चढतो.

पाठवल्यानंतर

दोन-तीन आठवड्यांत काहीच कळलं नाही तर एकदा ग्राहक सेवेला फोन करा आणि फोन घेणाऱ्याला टीम लीडरशी जोडून द्यायला सांगा. त्यांना पत्राची तारीख आणि तक्रार क्रमांक सांगून, ते संबंधित टीमकडे गेलं का एवढं विचारा. टीम लीडर लोकांना दिवसभर संतापलेलेच ग्राहक जोडून दिले जातात, त्यामुळे अशा फोनला ते सहसा नीट उत्तर देतात. ‘तिलाच फोन द्या, मला आभार मानायचेत’ असा हट्ट धरू नका. ती कदाचित दुसऱ्या कॉलवर असेल, दुसऱ्या शिफ्टमध्ये असेल, किंवा नोकरी सोडूनही गेली असेल. या क्षेत्रात माणसं फार लवकर बदलतात. गेली असेल तरी पत्र फुकट गेलं असं नाही. टीम लीडर ते तिला कळवू शकतो, आणि पुढच्या नोकरीत जुन्या वरिष्ठांकडे विचारणा झाली तर त्याला सांगायला काहीतरी ठोस असतं.

आणि पत्र गेल्यावर दोष परत उद्भवला तर? पुढच्या पावसाळ्यात पेटीचं नवं झाकणही तडकू शकतं. तेव्हा प्रशंसापत्राच्या ईमेलवर ‘माझे शब्द मागे घेतो’ असं लिहायचं नाही. स्वतंत्र नवी तक्रार नोंदवायची आणि तिच्यात १६ ऑगस्टच्या दुरुस्तीचा क्रमांक द्यायचा. आता फोन घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळेल की घरातला राउटर बंद-चालू करून बघायचं नाही, सरळ खांबावरची पेटी उघडायची.